आज कशी काय आठवण झाली?

मराठी माणसाच्या बोलण्यात काही प्रश्न असे आहेत की जे व्याकरणाच्या दृष्टीने प्रश्न असले तरी परिणामाच्या दृष्टीने पंचनामे असतात. "हल्ली दिसत नाही ते?" हा त्यांतला सौम्य प्रकार, "मग, लग्नाचं काय?" हा मध्यम, आणि "आज कशी काय आठवण झाली?" हा सर्वांत जहाल. विचारणारा तो बहुधा हसत विचारतो, चहाचे आधण ठेवायला सांगता सांगता विचारतो, आणि त्याच्या मनात बव्हंशी काही नसते. परंतु ज्याला तो विचारला जातो, तो जर पाच-सात वर्षांच्या अखंड मौनानंतर, जुन्या सहकाऱ्याच्या कचेरीत एखादी जागा रिकामी आहे काय याचा अंदाज घेण्याच्या गुप्त हेतूने आलेला असेल, तर मुद्देमालासह पकडले जाणे म्हणजे काय, याचा त्याला तत्काळ साक्षात्कार होतो.

वास्तविक या दोघांत वैर असे कधीच नव्हते. एकाच्या डब्यातली भेंडीची भाजी दुसऱ्याने वर्षानुवर्षे खाल्लेली असते, साहेबाच्या लहरीपणावर दोघांनी मिळून तासन् तास टीका केलेली असते, आणि निरोपाच्या दिवशी केक कापून, सर्वांच्या सह्यांचे कार्ड हाती देऊन, "संपर्कात राहू" अशी प्रतिज्ञाही झालेली असते. या प्रतिज्ञेइतकी मनःपूर्वक केलेली आणि इतक्या एकमताने मोडलेली दुसरी प्रतिज्ञा माझ्या पाहण्यात नाही. तिच्या भंगाबद्दल कोणी कोणावर रागावतही नाही, कारण दोन्ही पक्ष सारखेच दोषी असतात. गरज एका पक्षाला आधी पडते आणि मग त्या समसमान अपराधाचा सारा भार त्याला एकट्याला वाहावा लागतो, हाच काय तो अन्याय.

आणि गंमत अशी की नेमका हा विस्मृतीत गेलेला इसमच अशा प्रसंगी उपयोगी पडतो. अमेरिकेतील मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने बोस्टनजवळच्या न्यूटन गावी नोकरी बदललेल्या सुशिक्षित मंडळींच्या मुलाखती घेतल्या आणि १९७३ साली त्यावर एक निबंध प्रसिद्ध केला. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी, ज्या माणसाकडून बातमी कळली त्याच्याशी वरचेवर भेट होत होती असे सांगणारे शंभरात सुमारे १७ निघाले. वर्षातून एखाद्या वेळी किंवा त्याहूनही कमी भेटणाऱ्यांकडून बातमी मिळालेले सुमारे २८. आणि उरलेल्या निम्म्याहून अधिकांचा दुवा अधूनमधून भेटणारा होता. या दुव्यांत जुने सहकारी आणि जुने वरिष्ठ पुष्कळ होते. कारण उघड आहे. आपले जवळचे लोक ज्या वर्तुळात वावरतात त्यातच आपणही वावरत असल्यामुळे, त्यांना जे ठाऊक ते आपल्याला आधीच ठाऊक असते. सख्खा मेहुणा मोठ्या जिव्हाळ्याने जी जाहिरात पाठवतो, तीच चुलत मेहुण्याने सकाळी, आणि सोसायटीच्या गटावर एका निवृत्त गृहस्थांनी आदल्या रात्री पाठवलेली असते. जिव्हाळ्याचा प्रश्न नाही. बातमी शिळी असते. दूर गेलेला माणूस मात्र दूर गेल्यामुळेच नवे पाहून आलेला असतो.

हे सारे शास्त्र माझ्या भाच्याला समजावून सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "मामा, ते सगळं ठीक आहे, पण मेसेजची पहिली ओळ काय लिहू?" शास्त्राची मर्यादा इतक्या थोडक्यात क्वचितच कोणी दाखवली असेल.

भाचा पुण्यातल्या एका संगणक कंपनीत संगणकाच्या आज्ञावलींचे दोष हुडकण्याच्या हुद्द्यावर होता. या कामाला तिकडे टेस्टिंग म्हणतात. त्याचे प्रोजेक्ट संपले आणि तो 'बेंचवर' आला, म्हणजे पगार चालू पण काम नाही, अशा त्या अवस्थेत दाखल झाला, जी पहिला आठवडा स्वर्गासारखी भासते आणि दुसऱ्या आठवड्यापासून मनुष्यबळ विभागाच्या प्रत्येक ई-पत्राने छातीत धस्स करते. त्याच्या आधीच्या नोकरीतले टीम लीडर आता खराडीच्या एका मोठ्या कंपनीत बऱ्यापैकी वरच्या जागी होते. त्यांना लिहावे, याबद्दल घरात दुमत नव्हते. कसे लिहावे, यावर मात्र जितकी डोकी तितकी मते होती.

भाच्याने प्रथम भ्रमणध्वनीवरचा जुना पत्रव्यवहार उघडला. असे दफ्तर उघडण्यास छाती लागते. शेवटची नोंद सात वर्षांपूर्वीची होती: "सर, रिलीव्हिंग लेटर मिळालं. थँक्स." तिच्या वरची: "सर, रिलीव्हिंग लेटरचं जरा बघाल का?" त्याच्या वर सरांनी दिवाळीला पाठवलेले पणतीचे चित्र, अनुत्तरित. त्याच्याही वर: "सर, ताप आहे, आज येत नाही." एकंदर असे निष्पन्न झाले की या दोघांच्या लेखी संबंधात भाच्याने निरपेक्ष बुद्धीने लिहिलेले एक अक्षरही नव्हते, आणि जी काही निरपेक्षता होती ती त्या पणतीच्या रूपाने पलीकडून आली होती. आता आपण केवळ स्नेहापोटी लिहीत आहोत असा देखावा कोणी केलाच, तर त्याच्या विरुद्धचा सारा पुरावा त्याच पडद्यावर, बरोबर वरच्या बाजूला, तारीखवार लावलेला होता.

मग मसलत बसली. माझ्या भगिनीचे म्हणणे असे की संक्रांत जवळच आहे, तेव्हा तिळगुळाच्या शुभेच्छा पाठवाव्यात आणि उत्तर आले की हळूच विषय काढावा. गोड बोलण्याची जाहीर मुभा वर्षातून एकदाच मिळते, ती दवडू नये. मेहुण्यांचा भर प्रत्यक्ष भेटीवर होता आणि हंगाम नसतानाही ते आंब्याच्या पेटीची भाषा बोलत होते. सूनबाई नव्या काळाच्या. त्यांनी सुचवले की सर लिंक्डइनवर जे काही लिहितात त्याला आधी चारदोन आठवडे पसंती दर्शवत राहावे, म्हणजे नाव डोळ्यांखालून जाते. भाच्याने हा सल्ला मानला, परंतु चार आठवड्यांचे काम एकाच रात्रीत उरकले. पहाटे उठून सरांनी जर आपला फोन पाहिला असेल, तर 'नेतृत्व म्हणजे काय' यावरच्या त्यांच्या दोन वर्षांपूर्वीच्या चिंतनापासून कालच्या वाढदिवसाच्या केकपर्यंत सर्व गोष्टी एकाच इसमाला मध्यरात्री एकाएकी आवडू लागल्याचे त्यांना आढळले असेल, आणि या इसमाची नोकरी गेली, हे त्यांनी तत्क्षणीच ताडले असेल.

त्यानंतर भाच्याने "हाय सर, कसे आहात?" एवढेच लिहिले आणि पाठवण्याच्या खुणेवर बोट ठेवले, तेवढ्यात मी त्याचा हात धरला. माझ्या मते या विषयात होणारा सर्वांत मोठा अपराध हाच होय. पाठवणाऱ्याला वाटते की आपण किती सौजन्याने, किती हळुवारपणे दार वाजवले; घेणाऱ्याच्या बाजूने त्याचे दर्शन फार वेगळे असते. मीही नोकरीत पुष्कळ वर्षे काढली असून असले "हाय सर" मला अद्याप येतात, म्हणून मी हे अनुभवाने सांगतो. आपण "मजेत, तू कसा?" असे उत्तर देतो. मग आईवडिलांच्या प्रकृतीची विचारपूस होते, मुलगी कितवीत गेली हे विचारले जाते, पुण्याच्या पावसाचा आणि वाहतुकीचा यथोचित निषेध होतो, आणि प्रत्येक उत्तरागणिक आपल्याला कळत असते की हा काहीतरी मागणार आहे. काय मागणार, एवढेच कळत नसते. हे न कळणे फार छळते. विमा असेल का? साखळी पद्धतीने साबण विकण्याची योजना? उसने पैसे? प्रस्तावना जितकी लांबत जाते तितकी मनातली रक्कम वाढत जाते. अखेर "बरं सर, आणखी एक..." असे शब्द येतात आणि त्यामागून नुसती नोकरीची चौकशी निघते, तेव्हा खरे म्हणजे हायसे वाटते, परंतु तोवर आपल्या आईच्या गुडघेदुखीची चौकशी ही केवळ वाट काढण्यासाठी झाली होती, हे ध्यानात येऊन मनाला एक बारीकसा चटका बसलेला असतो. मागणीने कोणी दुखावत नाही. आईचे गुडघे मागणीच्या दिमतीला जुंपले जातात, त्याने दुखावते.

आपल्या पूर्वजांना हा मामला बरोबर उमगला होता. जुन्या मराठी पत्राची घडण पाहावी. मायना, साष्टांग नमस्कार, येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत असावे एवढे एक वाक्य, आणि लगेच 'विशेष' म्हणून कामाचा मजकूर. क्षेमकुशलाला एक ओळ नेमून दिलेली होती. ती सर्वांना ठाऊक होती, तिचा कोणाला भार होत नव्हता, आणि ती संपताच फौज पाठवा, रसद पाठवा, हुंडी पटवा, असे जे काही असेल ते मोकळेपणाने लिहिले जात असे. पुढे विसाव्या शतकात आपण सुसंस्कृत झालो, आणि मामाकडे पैसे मागायचे असले की चार पाने खुशाली लिहून मागणी ताजा कलमात दडवू लागलो. मामा लोकही कालांतराने शहाणे होऊन पत्र शेवटून वाचू लागले.

तेव्हा मी भाच्याला पेशवाई पद्धतीने लिहावयास लावले. पुष्कळ खाडाखोड होऊन जो खलिता सिद्ध झाला, तो असा:

"नमस्कार सर. बँकेच्या प्रोजेक्टवर मी तुमच्या टीममध्ये टेस्टिंगला होतो. मार्च एंडला सर्व्हर बंद पडला होता, रात्रभर थांबून पहाटे तुम्ही आम्हाला स्टेशनसमोर पोहे खायला नेलं होतं आणि प्लेट हातात धरून एक जण झोपला होता, तो मी. सरळच लिहितो. आमचं प्रोजेक्ट संपलंय, मी सध्या बेंचवर आहे आणि दुसरीकडे बघतोय. गेली काही वर्षं ऑटोमेशन टेस्टिंग करतोय. तुमच्याकडे या कामासाठी माणसं घेतात का, आणि घेत असतील तर नक्की काय बघतात, हे फोनवर दहा मिनिटं सांगू शकाल का? या दिवसांत जमणार नसेल किंवा तुमचा त्याच्याशी संबंध येत नसेल तर तसं कळवा, मला चालेल. इतक्या वर्षांत मी स्वतःहून कधी लिहिलं नाही, हे माझ्याही लक्षात आहे."

यातल्या पोह्यांवर मी फार अडून बसलो होतो. भाच्याला ते हुद्द्यास न शोभणारे वाटत होते. परंतु "तुमच्या मार्गदर्शनाखाली पुष्कळ शिकलो" हे वाक्य कोणीही कोणालाही लिहू शकतो, आणि लिहितोच. पोह्यांची प्लेट धरून झोपलेला इसम त्रिभुवनात एकच. अशी एक खरी, दोघांनाच ठाऊक असलेली गोष्ट वाचली की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे माणूस उभा राहतो. सात वर्षांनी नुसत्या नावावरून चेहरा आठवेलच असे नाही, आणि आठवत नसलेल्या माणसाला उत्तर लिहिणे लोक उद्यावर टाकतात.

दुसरी गोष्ट विचारण्याच्या प्रश्नाची. "सर, तुमच्याकडे काही ओपनिंग आहे का?" या प्रश्नाला बहुतेक माणसांचे खरे उत्तर "मला माहीत नाही" असे असते, कारण मोठ्या कंपनीत कोणत्या विभागात कोणती जागा मंजूर झाली आहे हे शेजारच्या विभागालाही ठाऊक नसते. माहीत नाही असे लिहिणे सरांना कमीपणाचे वाटते, शोधून सांगायला सवड नसते, म्हणून ते काहीच लिहीत नाहीत, आणि इकडे उमेदवार समजतो की सर बदलले. उलट, तुमच्याकडे काय बघतात, हा प्रश्न असा आहे की त्याचे उत्तर प्रत्येकाला येते आणि बहुतेकांना ते द्यायला आवडते. यात लबाडी मात्र नको. "नोकरी नको, फक्त सल्ला हवा" असे लिहून मागाहून बायोडेटा काढणे म्हणजे पुन्हा तेच आईचे गुडघे. नोकरी बघतोय हे आधी लिहून मग माहिती विचारावी, म्हणजे माहितीतून जागा निघाली तर सरांना ती स्वतःहून देण्याचे समाधान उरते. आणि नकाराला एक बिनचूक दार ठेवावे. दार दिसत नसले की घाबरून जाणे हा मनुष्यस्वभाव आहे. दार उघडे आहे असे दिसले की तोच मनुष्य खुर्ची ओढून निवांत बसतो.

खलिता शुक्रवारी रात्री रवाना झाला. थोड्याच वेळात दोन निळ्या खुणा उमटल्या, म्हणजे सरांनी वाचला, आणि मग शनिवार-रविवार शांततेत गेले. त्या दोन निळ्या खुणांकडे भाचा ज्या नजरेने पाहत होता, त्या नजरेने वर्षानुवर्षे तारखा पडणारा अशीलही न्यायाधीशाकडे पाहत नसेल. आणखी एक मेसेज टाकून "सर, बघितलंत का?" असे विचारण्याची त्याची तीव्र इच्छा मी मोठ्या प्रयासाने आवरली. आठवडाभर गेल्यानंतर एकदा, एकाच ओळीत आठवण द्यावी आणि मग विषय तहकूब करावा, त्यापूर्वी नाही, असे माझे मत आहे. मेहुणे मात्र स्वस्थ बसणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी दरम्यान सरांच्या कंपनीचे संकेतस्थळ शोधून काढले होते आणि तिथे मुलाच्या नावाने अर्ज भरून ठेवण्याच्या बेतात ते होते. त्यांना वेळीच थांबवता आले, ही या प्रकरणातली खरी नशिबाची गोष्ट.

कारण सोमवारी दुपारी सरांचा फोन आला. पहिला शब्द "पोहे!" हा होता. त्यांच्या स्वतःच्या टीममध्ये जागा नव्हती, पण वरच्या मजल्यावर एका टीमला ऑटोमेशनची माणसे मिळत नव्हती. बायोडेटा पाठव, मी रेफर करतो, असे ते म्हणाले आणि पहिली ताकीद त्यांनी हीच दिली की तू स्वतः कुठेही अर्ज करू नकोस. यातली मेख अशी: नोकर आपल्या ओळखीच्या उमेदवाराचा बायोडेटा कंपनीच्या पोर्टलवर चढवतो, त्याला त्या जागेचा क्रमांक जोडतो, आणि उमेदवार रुजू होऊन ठराविक मुदत टिकला की कंपनी त्या नोकराला बक्षीस देते. परंतु तोच ई-पत्ता किंवा तोच दूरध्वनी क्रमांक अलीकडच्या काही महिन्यांत कंपनीच्या दफ्तरी आधीच दाखल असेल, तर बहुतेक ठिकाणी यंत्र ही शिफारस नामंजूर करते, आणि मग सरांचा शब्दही जातो नि बक्षीसही जाते. मेहुण्यांच्या उत्साहाला आणखी अर्धा तास मोकळीक मिळाली असती तर हेच घडले असते.

बक्षिसाची ही हकिगत ऐकून भाच्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. इतके दिवस जो मनुष्य आपण स्वार्थी, मतलबी आणि कृतघ्न आहोत या भावनेने कृश होत चालला होता, त्याला एकाएकी कळले की पलीकडच्या पक्षाचाही या व्यवहारात रीतसर लेखी हितसंबंध आहे. आणि तो केवळ रकमेपुरता नाही. या धंद्यात तीन-तीन महिन्यांची नोटीस असते. होकार देऊन, तीन महिने वाट पाहायला लावून, ऐन रुजू होण्याच्या दिवशी फोन बंद करणारे उमेदवार इतके बोकाळले आहेत की ज्याने रात्रभर थांबून काम केलेले आपण डोळ्यांनी पाहिले आहे, असा माणूस सात वर्षांनी स्वतःहून लिहितो, हे टीम लीडरला उपद्रव न वाटता घबाड वाटते. लेव्हिन, वॉल्टर आणि मर्निघन या संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हुद्देदार मंडळींना निदान तीन वर्षे संपर्क नसलेल्या ओळखी मुद्दाम जाग्या करून आपल्या कामाबद्दल सल्ला विचारायला लावले होते. आधी ती मंडळीही अशीच कुरकुरली. मागाहून दिसले ते असे की जुन्या ओळखीचा विश्वास टिकून राहिला होता आणि मिळालेला सल्ला रोजच्या माणसांच्या सल्ल्याहून नवा होता.

तथापि शिफारशीचे माहात्म्य फार वाढवू नये. ती एवढेच करते की हजारोंच्या ढिगातून एक कागद उचलला जाऊन कोणीतरी तो वाचतो. पुढच्या फेऱ्या उमेदवारालाच द्याव्या लागतात, आणि भाच्याची दुसरी फेरी चांगली गेली नव्हती, हे त्याच्या आईला अद्याप सांगितलेले नाही. शिवाय, ज्याने आपले काम कधी पाहिलेच नाही, त्याला शिफारस मागणे म्हणजे त्याला खोटी साक्ष द्यायला लावणे. तशा माणसाकडे माहितीच मागावी. आणि ज्याच्याशी सोडताना बिनसले होते, त्याच्या स्मरणशक्तीची परीक्षा न पाहणे उत्तम.

एक काम मात्र बहुतेक उमेदवार विसरतात, ते मी भाच्याकडून करवून घेतले. प्रत्येक फेरीनंतर त्याने सरांना दोन ओळी लिहिल्या: काय विचारले, काय जमले नाही, पुढची तारीख काय. ज्याने आपल्यासाठी शब्द टाकला त्याला निकाल तिसऱ्याच माणसाकडून कळावा, याइतके त्याला परके करणारे दुसरे काही नाही.

भाचा आता खराडीला रुजू झाला आहे. सरांना मिळावयाची बक्षिसाची रक्कम तो सहा महिने टिकल्यानंतर त्यांच्या पगारात जमा होणार असून, तोपर्यंत दर सोमवारी सकाळी सरांचा न चुकता मेसेज येतो, "काय रे, तब्येत बरी आहे ना? कामात मन लागतंय ना?" आणि "आज कशी काय आठवण झाली?" असे भाचा त्यांना अजून एकदाही विचारू शकलेला नाही.